म्हटलं तर टक्कल

मुलीच्या आत्यांचा फोन आईने घेतला तेव्हा मी ओट्याशी पोळ्या करत होते. पत्रिका जुळत होती, शिक्षण पसंत होतं, घरही पसंत होतं. मग आई बराच वेळ नुसती "हं, हं" करत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अहो, म्हटलं तर आहे, म्हटलं तर नाही." कशाबद्दल, ते मला लगेच कळलं. पलीकडच्या खोलीत काम करत बसलेल्या माझ्या धाकट्या भावालाही कळलं, कारण त्याच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

संध्याकाळी तो मला गच्चीवर घेऊन गेला. "ताई, तू तर्कशास्त्र शिकवतेस. मला लांबण लावू नकोस. हो की नाही, एवढंच सांग. मला टक्कल आहे का?"

त्याचं डोकं मी त्याच्या जावळापासून पाहत आले आहे. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेत. मधला पट्टा अजून दाट आहे. भोवऱ्यापाशी केस विरळ झालेत आणि उन्हात उभा राहिला की तिथली टाळू दिसते. संध्याकाळच्या उजेडात ती दिसतही नव्हती. मला सगळं दिसत होतं आणि सगळं माहीत होतं, तरी तोंडातून ना "हो" निघालं ना "नाही".

वर्गात हे उदाहरण मी कितीतरी वर्षं देत आले आहे. फळ्यावर एक डोकं काढायचं, त्यावर रेघांचे केस काढायचे आणि एकेक पुसत जायचं. मुलं हसतात, वाद घालतात, तास संपतो. पण तोच प्रश्न समोर उभ्या असलेल्या, उत्तराची खरोखर वाट पाहणाऱ्या माणसाने विचारला, तेव्हा मला त्या कोड्याचं वजन पहिल्यांदा कळलं. त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. पुढचं सगळं त्या रात्रीतून आणि नंतरच्या काही आठवड्यांतून आलं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करते. आईचं उत्तर मोघम नव्हतं. "पुण्याकडे कुठेतरी नोकरीला आहे" हे मोघम बोलणं झालं. तिथे बोलणाऱ्याने माहिती हातची राखलेली असते आणि आणखी दोन प्रश्न विचारले की पत्ता निघतो. इथे राखून ठेवलेलं काही नव्हतं. उद्या कोणी भावाच्या डोक्यावरचा प्रत्येक केस मोजून कागदावर आकडा लिहून दिला, तरी "मग टक्कल म्हणायचं का?" हा प्रश्न जागच्या जागी राहील. काठावरच्या उदाहरणाची खूण हीच आहे. माहिती पूर्ण होते आणि प्रश्न उरतो, कारण तो धूसरपणा माहितीतला नसून शब्दातला असतो.

हे कोडं जुनं आहे. मिलेटसच्या युब्युलिडीजच्या नावावर ते सांगितलं जातं. तो इ.स.पू. चौथ्या शतकातला, ॲरिस्टॉटलच्या काळातला आणि त्याचा विरोधक. "मी आत्ता खोटं बोलतो आहे" हे प्रसिद्ध कोडंही त्याच्याच नावावर आहे. टकल्या माणसाचं आणि ढिगाचं अशी दोन जुळी कोडी त्याने घातली. ग्रीकमध्ये ढिगाला 'सोरोस' म्हणतात, म्हणून या सगळ्या जातीच्या कोड्यांना 'सोरायटीझ' हे नाव पडलं.

कोड्याची मांडणी तीन ओळींची आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. तर पहिली ओळ: एक लाख केस असलेला माणूस टकला नाही. दुसरी ओळ: कुठलाही माणूस टकला नसेल, तर त्याचा एक केस काढल्याने तो टकला होत नाही. आता पहिली ओळ हातात घेऊन दुसरी वापरा. एक लाखवाला टकला नाही, म्हणून ९९,९९९ वाला नाही, म्हणून ९९,९९८ वाला नाही. अशा एक लाख पायऱ्या उतरलात की तिसरी ओळ येते: डोक्यावर एकही केस नसलेला माणूसही टकला नाही.

पहिली ओळ नाकारता येत नाही. तिसरी उघड खोटी आहे. मधल्या प्रत्येक पायरीवर "हे असेल तर ते, आणि हे आहेच, म्हणून ते" यापलीकडे कुठलीही युक्ती वापरलेली नाही. मग उरली दुसरी ओळ. ती खोटी म्हणायची, तर कुठेतरी असा एक केस मानावा लागतो जो असेपर्यंत माणूस टकला नव्हता आणि गळल्याबरोबर झाला. रोज उशीवर, फणीत, न्हाणीत प्रत्येकाचे पन्नास ते शंभर केस गळतात. त्यातल्या एका केसाने हे केलं, असं मानायला जीभ उचलत नाही.

यावरचं सर्वांत जुनं उत्तर क्रिसिपसचं आहे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या स्टोइक तत्त्ववेत्त्याचं. सिसेरोने ते नोंदवून ठेवलं आहे. कोणी असं पायरी-पायरीने विचारू लागला, तर प्रकरण अवघड होण्याच्या आधीच गप्प बसायचं, असं क्रिसिपस सांगे. शहाणा सारथी कड्यापाशी पोचण्याआधीच घोडे आवरतो, तसं. त्यावर पुढच्या शतकातल्या कार्निअडीझने उत्तर दिलं, की गप्पच काय, तू घोरत पडलास तरी माझी हरकत नाही. पण कोणीतरी तुला उठवील आणि पुन्हा तिथूनच विचारायला लागेल.

क्रिसिपसचा सल्ला मला पूर्वी पळवाट वाटायचा. आता वाटत नाही. कुठे थांबावं याचा नेम सांगता येत नसला तरी थांबावं लागतं, हे त्याने ओळखलं होतं. पण गच्चीवर तो कामाचा नव्हता. माझ्या तिथल्या गप्प राहण्याला उत्तराचाच अर्थ आला असता, आणि तो "हो" असा झाला असता.

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवी धार आली. बर्ट्रांड रसेलने १९२३ मध्ये धूसरपणावर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यातही टकला माणूसच उदाहरणाला घेतला. त्याचं म्हणणं, की धूसरपणा शब्दांचा असतो, वस्तूंचा नसतो. डोक्यावर जेवढे केस आहेत तेवढे आहेत. धूसर आहे तो आपला शब्द. आपलं नेहमीचं तर्कशास्त्र मात्र नेमके शब्द गृहीत धरून चालतं. एक तर आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. असे नेमके शब्द पृथ्वीवर कुणी वापरत नाही, म्हणून ते तर्कशास्त्र या जगाला लागू नाही, इतपत तो गेला.

नेमकं उलटं उत्तर टिमथी विल्यमसनने दिलं, १९९४ मधल्या त्याच्या पुस्तकात. सीमारेषा आहे, असं तो म्हणतो. एक विशिष्ट केस खरोखर आहे. फक्त तो कुठला, हे आपल्याला कधीही कळणार नाही. पहिल्यांदा ऐकताना हे हट्टाचं वाटतं, पण त्याचं कारण नीट ऐकण्यासारखं आहे. समजा, शब्दाची सीमा ४०,००० वर आहे आणि तुम्ही अंदाजाने बरोबर तोच आकडा सांगितलात. पण लोकांचं बोलणं किंचित वेगळं असतं तर सीमा ३९,९९० वर असती, आणि तरीही तुम्ही ४०,००० असंच म्हणाला असता, कारण एवढा बारीक फरक तुमच्या कानाला कळत नाही. थोडक्यात, तुमचं उत्तर योगायोगाने बरोबर आलं. योगायोगाने बरोबर येणं म्हणजे जाणणं नव्हे. म्हणून रेघ असूनही आपण तिच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडूनच ठामपणे बोलू शकतो. गर्दीच्या सभामंडपातल्या डोक्यांचा अंदाज करताना "नऊशे तरी असतील" असं आपण खात्रीने म्हणतो, "नऊशे सदतीस" असं म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या मताचा मोठा गुण असा, की तर्कशास्त्राचा एकही नियम मोडावा लागत नाही. दुसरी ओळ खोटी, प्रकरण मिटलं. माझी अडचण तर्काची नाही. 'टक्कल' हा शब्द आपणच वापरून वापरून घडवला. मुलीच्या आत्या, माझी आई, कटिंगवाले, शाळेतली पोरं, सगळ्यांनी मिळून. आपणच घडवलेल्या वस्तूची कड आपल्यापैकी एकालाही कधीच ठाऊक होणार नाही, पण ती एका केसाइतकी धारदार आहे, हे मानताना मला काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटतं. भावाला "उत्तर आहे, पण देवालाच माहीत" असं सांगण्यासारखं ते होतं.

तिसरा रस्ता लोकांना नावाने तरी ठाऊक असतो, कारण वॉशिंग मशिनवर 'फझी लॉजिक' असं लिहिलेलं असे. लोट्फी झादेहने १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. खरं-खोटं अशा दोनच पेट्या कशाला? शून्य ते एक अशी मोजपट्टी घ्या. एक लाखवाल्याला 'टकला' हे शून्य लागू, तुळतुळीत डोक्याला एक, माझ्या भावाला समजा ०.५. दुसऱ्या ओळीतलं प्रत्येक "जर-तर" मग पूर्ण खरं राहत नाही, ०.९९९९९ इतकं खरं ठरतं. प्रत्येक पायरीवर खरेपणाचा एक कण झिरपून जातो आणि लाख पायऱ्यांनंतर भांडं रिकामं होतं. कोडं का फसवतं याचा हा खुलासा मला फार आवडतो. एकेका पायरीवरचं नुकसान खरोखरच नजरेत न भरण्याइतकं असतं.

पण एका ठिकाणी हा रस्ता खचतो. आमच्या मामेभावाचे केस भावापेक्षाही कमी आहेत. बाकी ठेवण सारखीच. समजा, त्याला ०.६. आता हे विधान घ्या: "मामेभावाला टक्कल नाही, आणि भावाला आहे." हे अर्धवटसुद्धा खरं असू शकत नाही. ज्याचे केस कमी त्याला सोडून ज्याचे जास्त त्याला टकला म्हणायचं, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. पण मोजपट्टीचं गणित करून पाहा. "मामेभावाला नाही" हे ०.४, "भावाला आहे" हे ०.५, आणि 'आणि'ने जोडलं की त्यातला लहान आकडा घ्यायचा असा नेहमीचा नियम आहे. उत्तर ०.४. म्हणजे साफ खोट्या वाक्याला हे गणित चाळीस टक्के गुण देतं. दोन काठावरच्या माणसांमध्येही एक नातं असतं, आणि एकेकाला सुटा आकडा चिकटवला की ते नातं हरवतं.

हे नातं सर्वांत स्पष्टपणे दाखवलं किट फाइनने, १९७५ मधल्या एका लेखात. त्याच वर्षी ओटार नॉरवुड नावाच्या डॉक्टरने पुरुषांच्या टकलाची सात पायऱ्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली, जी आजही त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. या दोघांची एकमेकांना ओळख असण्याचं कारण नाही, पण माझ्या वहीत ते शेजारी शेजारी आहेत. नॉरवुडने हिंमत करून रेघ मारली: तिसरी पायरी म्हणजे टक्कल म्हणता येईल अशी किमान अवस्था. भाऊ मध्यंतरी डॉक्टरांकडे गेला होता. त्यांनी भिंगाने भोवरा पाहिला, फोटो काढले आणि कागदावर लिहिलं, "ग्रेड २ ते ३". रेघ मारली की काठावरची माणसं नाहीशी होत नाहीत. ती त्या रेघेवर येऊन उभी राहतात.

फाइन म्हणतो, रेघ एकच नाही. 'टकला' या शब्दाचा आब राखून रेघ अनेक ठिकाणी मारता येईल. चाळीस हजारांवर मारा, पंचेचाळीसवर मारा, छत्तीसवर मारा. लाखावर मारलीत तर शब्दच बिघडला, शून्यावर मारलीत तरी बिघडला, पण मधल्या जागेत मोकळीक आहे. मग विधान खरं कधी? यातल्या कुठल्याही मान्य रेघेने पाहिलं तरी खरं ठरतं तेव्हा. सगळ्या रेघांनी खोटं ठरलं तर खोटं. काहींनी खरं, काहींनी खोटं, तर ते ना खरं ना खोटं. आता मामेभावाचं वाक्य तपासा. रेघ कुठेही मारा, कमी केसवाला सुटून जास्त केसवाला अडकत नाही. म्हणजे वाक्य प्रत्येक रेघेने खोटं, म्हणून साफ खोटं. हिशेब जुळला.

हे वाचताना त्या रात्री मी थबकले, कारण यासाठी लागणारे दोन्ही शब्द आमच्या घरात त्याच दिवशी वापरले गेले होते. "म्हटलं तर टक्कल" म्हणजे अशी एक तरी मान्य रेघ आहे, जिच्यानुसार त्याला टक्कल आहे. आणि फोन ठेवल्यावर आई मावशीला म्हणाली होती, "धड टक्कल नाही बाई, आणि धड केसही नाहीत." हे 'धड' म्हणजे कुठल्याही रेघेने पाहा, तेच उत्तर. तर्कशास्त्रज्ञांना "निश्चितपणे" या अर्थाचं एक खास चिन्ह तयार करून घ्यावं लागलं. आपल्याकडे ते काम करणारा शब्द घरोघरी आहे, आणि तो बहुतेक वेळा नकारातच येतो, जोडीने येतो: धड हे नाही, धड ते नाही. ज्या जागेला काठ म्हणतात, तिचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

फाइनच्या मांडणीतही एक काटा आहे. "असा एक केस आहे, जो गेल्याने माणूस टकला होतो" हे वाक्य प्रत्येक रेघेने खरं ठरतं, कारण प्रत्येक रेघेचा आपापला एक केस असतोच. म्हणून ते साफ खरं. पण "तो कुठला?" असं विचारलं तर कुठलाच नाही, कारण प्रत्येक रेघेचा केस वेगळा. "आहे, पण कुठलाही नाही" हे वर्गात समजावताना मुलांच्या चेहऱ्यावर जी शंका दिसते, ती रास्त आहे असंच मला वाटत आलं आहे.

मग लोक खरोखर कसं बोलतात, हे पाहिलं गेलं. २०११ मध्ये सॅम अलक्सातिब आणि जेफ्री पेलेटियर यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. वेगवेगळ्या उंचीच्या पाच माणसांचं चित्र लोकांना दाखवलं आणि प्रत्येकाबद्दल काही वाक्यं दिली: हा उंच आहे, हा उंच नाही, हा उंच आहे आणि उंच नाही, हा ना उंच आहे ना नाही. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाबद्दल काही अडलं नाही. पण पाच फूट अकरा इंचवाल्या मधल्या माणसाबद्दल "उंच आहे आणि नाही" हे सरळ सरळ विसंगत वाक्य चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी खरं मानलं. फाइनच्या हिशेबात ते प्रत्येक रेघेने खोटं आहे. विल्यमसनच्या हिशेबातही खोटं. मोजपट्टीवर फार तर अर्धं. आणि ते म्हणणारी माणसं गोंधळलेली नव्हती, कारण इतर माणसांबद्दल तेच लोक हे वाक्य नाकारत होते. काठावर उभ्या असलेल्या माणसाचं वर्णन म्हणूनच ते हे वाक्य वापरत होते. आईसारखं.

याला न्याय देणारी मांडणी पाब्लो कोब्रेरोस, पॉल एग्रे, डेव्हिड रिप्ली आणि रॉबर्ट व्हान रोय या चौघांनी २०१२ मध्ये केली. गच्चीवरच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ मी पोचले ती इथे, म्हणून जरा थांबून सांगते.

ते म्हणतात, एकच वाक्य दोन प्रकारे उच्चारता येतं, कडक आणि सैल. समजा, वापराने शब्दाची रेघ ४०,००० वर आहे. आकडा कुठलाही घ्या, फरक पडत नाही. आणि समजा, पाचशे केसांचा फरक डोळ्याला कळत नाही. कडक अर्थाने "केस आहेत" कधी म्हणायचं? तो स्वतः आणि त्याच्यापासून वेगळे न ओळखता येणारे सगळेच रेघेच्या वर असतील तेव्हा, म्हणजे ४०,५०० पासून पुढे. सैल अर्थाने कधी? त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांपैकी एक जरी रेघेच्या वर असेल तरी चालेल, म्हणजे ३९,५०० पासूनच. टकलाचंही तसंच. ३९,५०० च्या खाली कडक टक्कल, ४०,५०० च्या खाली सैल टक्कल. आता मधल्या पट्ट्यातला माणूस पाहा, समजा ३९,८०० केसांचा. कडक अर्थाने त्याला टक्कलही नाही आणि केसही नाहीत. सैल अर्थाने दोन्ही आहे. धड हे नाही, धड ते नाही. म्हटलं तर आहे, म्हटलं तर नाही. आईची दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरी ठरली, आणि कुठेही व्याघात झाला नाही.

युब्युलिडीजचं काय? "एका केसाने काही होत नाही" ही दुसरी ओळ सैल अर्थाने नेहमी खरी आहे, प्रत्येक पायरीवर. म्हणून ती आपल्याला इतकी पटते. आपली काहीही चूक होत नसते. पण धड विधानापासून एक पाऊल उतरलं की हातात येतं ते फक्त 'म्हटलं तर' या मोलाचं विधान. पुढचं पाऊल टाकायला पुन्हा धड विधान लागतं. म्हणजे वरच्या पायऱ्यांवर आपण बिनघोर उतरतो, कारण तिथे प्रत्येक विधान आपल्या स्वतःच्या बळावर धड असतं. ४०,५०० च्या खाली गेलो की ते बळ संपतं, आणि आपण मात्र वरून आलेलं सैल विधान धड समजून त्याच्यावर पुढचं रचत जातो. शेजारणीने विरजणापुरतं दिलेलं दही आपण आणखी कुणाला वाडगाभर देऊ शकत नाही. एकेक पायरी योग्य, साखळी मात्र अयोग्य. तर्कशास्त्रात साखळीवरचा विश्वास सोडणं ही फार मोठी किंमत आहे, हे मला माहीत आहे. पण मला तीच द्यावीशी वाटते, कारण एकेकटं पाऊल खरंच बरोबर असतं, आणि कोड्याने माझ्यावर झालेला मूळ परिणाम अगदी हाच होता.

एक दुखरी जागा तरीही उरते, आणि ती सगळ्यांचीच आहे. ३९,५०० आणि ४०,५०० या माझ्या दोन नव्या रेघा तरी धारदार का? 'धड' कुठून सुरू होतं? धड टक्कल आणि काठावरचं टक्कल यांच्यामध्येही काठ आहेच. फाइनला मान्य रेघांची यादी करावी लागते, आणि कुठली रेघ मान्य हे पुन्हा धूसर. मोजपट्टीवाल्याला ०.५ की ०.५१ हे ठरवावं लागतं. "ग्रेड २ ते ३" मध्येही "ते" आहेच. काठाला काठ, त्यालाही काठ. इथे विल्यमसन शांतपणे म्हणू शकतो, की शेवटी कुठेतरी रेघ मानणारच असाल, तर पहिल्यांदाच का मानत नाही? त्याला याहून चांगलं उत्तर मला देता येत नाही.

या सगळ्यात दोन गोष्टी मात्र कोड्याबाहेरच्या आहेत आणि त्या मला तर्काच्या पुस्तकांपेक्षा डॉक्टरांकडे आणि भाषेत सापडल्या.

पहिली अशी, की टक्कल केस मोजून पडत नाही. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केसाचं मूळ आक्रसत जातं. जाड, काळा केस प्रत्येक फेरीत थोडा बारीक, थोडा आखूड, थोडा फिका होऊन उगवतो आणि शेवटी तान्ह्या बाळाच्या लवेसारखा होतो. म्हणजे मोजणीत तो दिसतो, आरशात दिसत नाही. मग लवेला केस धरायचं का? कुठल्या जाडीपर्यंत? युब्युलिडीजने 'केस' हा शब्द नेमका समजून 'टकला' हा शब्द धूसर असल्याचं दाखवलं. खरं तर मोजायचा मणीच धूसर निघाला. शिवाय केस किती, याइतकंच ते कुठे आहेत यालाही महत्त्व आहे. तितकेच केस सगळ्या डोक्यावर विरळ पसरले तर "केस पातळ आहेत" म्हणतात, आणि भोवऱ्यावर मोकळी जागा सोडून कडेने दाट असले तर टक्कल.

दुसरी गोष्ट आपल्या व्याकरणातली. ग्रीक 'फालाक्रोस' हे माणसाचं विशेषण आहे. माणूस टकला आहे किंवा नाही, असा सवाल त्यातून आपोआप उभा राहतो. मराठीत आपण माणसाला सहसा टकला म्हणत नाही. चिडवायचं असेल तर म्हणतो. आपण म्हणतो, "त्याला टक्कल आहे". हे नाम आहे, आणि त्याला जागा असते: मागे टक्कल, पुढून टक्कल. भाषाशास्त्रात ख्रिस्तोफर केनेडीने २००७ मध्ये विशेषणांच्या ज्या जाती दाखवल्या, त्यांची कसोटी इथे लावून पाहण्यासारखी आहे. काही शब्दांची पट्टी एका टोकाला बंद असते. कापड किंचित ओलं असेल तरी ते ओलं. कोरडं म्हणायला ते पूर्ण कोरडं लागतं. 'उंच'ची पट्टी दोन्हीकडे उघडी, म्हणून "पूर्ण उंच" असं कोणी म्हणत नाही, आणि कोणाच्या तुलनेत ते मनात धरावंच लागतं. 'टक्कल' "थोडं" घेतं आणि "पूर्ण"ही घेतं. "मागे थोडं टक्कल आहे" हे सरळ वाक्य आहे, आणि ते बोलणाऱ्याने कुणाला टकला म्हटलेलं नाही. डागाला लागू होणारा शब्द आणि माणसाला लागू होणारा शब्द वेगळे आहेत. भोवऱ्यावर टाळू दिसते की नाही, हा डागाचा प्रश्न. माणूस टकल्यांत मोडतो की नाही, हा दुसरा प्रश्न, आणि त्यात पाहणाऱ्याला काय हवं आहे हे मिसळलेलं असतं. आत्या पहिला प्रश्न विचारत होत्या. भावाला दुसरा ऐकू आला होता.

हे मी त्याला पुढच्या रविवारी सांगितलं. विल्यमसन आणि फाइन गाळून, फक्त एवढंच, की 'मागे थोडं टक्कल आहे' आणि 'तू टकला आहेस' ही दोन वाक्यं आहेत आणि पहिलं खरं आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे तू त्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मला त्या दिवशी ते माहीत नव्हतं, असं मी खरंच सांगितलं.

पाहण्याचा कार्यक्रम दिवाळीनंतर झाला. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवरच पाठवलं. नंतर त्याने मला सांगितलं, की तिने आडपडदा न ठेवता विचारलं, आणि त्याने म्हटलं, "पडत चाललंय."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीनेक वर्षं झाली," तो म्हणाला, आणि तिला नीट दिसावं म्हणून त्याने भोवरा उन्हाकडे केला.